शाळा सहाशे मीटरवर, पण रस्त्याच्या पलीकडे

पहिलीच्या प्रवेशाचे दिवस आले की घराघरांत एकच चर्चा रंगते. माध्यम कोणते, शिक्षक कसे, शुल्क किती, मैदान आहे की नाही. या सगळ्या प्रश्नांत एक प्रश्न मात्र प्रवेश पक्का झाल्यानंतर, बहुधा जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारला जातो : मूल शाळेत जाणार कसे? तोपर्यंत निर्णय झालेला असतो आणि उत्तर शोधण्याऐवजी कुणाच्या तरी दुचाकीची सोय शोधावी लागते.

हा क्रम उलटा का असावा, हे एका उदाहरणावरून सांगतो. माझी भाची फोंड्याच्या पुढे, बेळगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ७४८ लगतच्या एका वाड्यावर राहते. तिच्या मुलीला यंदा पहिलीत घालायचे होते. समोर तीन शाळा होत्या. पहिली अनुदानित, घरापासून सहाशे मीटरवर, पण महामार्गाच्या पलीकडे. दुसरी सरकारी मराठी प्राथमिक शाळा, अकराशे मीटरवर, महामार्गाच्या अलीकडेच, आतल्या रस्त्याने जाण्यासारखी. तिसरी इंग्रजी माध्यमाची, चार किलोमीटरवर, बालरथाची सोय असलेली. भाचीच्या घरी मतभेद असे काही नव्हतेच. सहाशे मीटरवरची शाळा जवळ, म्हणून तीच बरी, असे सर्वांनी धरून चालले होते. "मामा, अंतर तर तुमच्यासमोर आहे, यात पाहायचे ते काय?" असे तिने मला विचारलेही.

पाहायचे होते ते अंतर नव्हे, तर रस्ता ओलांडण्याची जागा आणि ओलांडण्याची वेळ. शाळेची पाहणी करायला पालक बहुधा शनिवारी अकराच्या सुमारास किंवा एखाद्या सुटीच्या दिवशी जातात. त्या वेळी महामार्गावर कुत्री निवांत बसलेली असतात. मूल मात्र तिथे सोमवारी सकाळी पावणेआठला उभे राहणार असते. मडकई, कुंडई अशा औद्योगिक वसाहतींकडे जाणाऱ्या बसगाड्या, मासळीचे टेंपो, कदंबच्या गाड्या, पणजीला कामावर निघालेल्या दुचाकी आणि शाळेत मुले सोडायला निघालेले इतर पालक, असा सारा लोंढा त्याच अर्ध्या तासात रस्त्यावर उतरतो. एकच जागा, पण ती अकरा वाजता एक रस्ता असते आणि पावणेआठला दुसराच.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आम्ही सकाळी सातला घरातून निघालो. सोबत भाची, तिची मुलगी, दप्तर आणि मोबाइलमधले घड्याळ. दुसरे कोणतेही साधन लागत नाही.

पहिली गोष्ट मुलीच्या चालीची. घरासमोरच्या अंगणात आम्ही सात मीटर मोजले होते. दोन पदरी रस्त्याची डांबरी रुंदी साधारण इतकीच असते. पाठीवर दप्तर घेऊन मुलीला ते अंतर नेहमीच्या चालीने चालायला लावले. तीन-चारदा चालवल्यावर सरासरी सात सेकंद आले, म्हणजे सेकंदाला एक मीटर. वाहतूक सिग्नलची आखणी करताना अभियंते पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. तो मोठ्या माणसाचा हिशेब आहे. सहा वर्षांचे मूल त्याहून हळू चालते आणि पावसाळ्यात छत्री सांभाळत आणखी हळू. शिवाय "आता चल" असे ठरवल्यापासून पहिले पाऊल पडेपर्यंत दोन सेकंद जातात. तेव्हा या मुलीला रस्ता ओलांडायला नऊ सेकंद हवेत. मोठे माणूस हात धरून असले तरीही ते नऊच राहतात, कारण दोघांपैकी हळू चालणाऱ्याचाच वेग मोजायचा असतो. मुलाला ओढत नेणे हा वेग वाढवण्याचा उपाय नव्हे. अडखळून पडते ते तसेच.

दुसरी गोष्ट नजरेच्या पल्ल्याची. रस्त्याच्या कडेला उभे राहून, नव्हे, गुडघ्यांवर बसून पाहायचे. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम एक मीटर उंचीवर असतात. उभ्या माणसाला कडेला लावलेल्या मोटारीच्या वरून पलीकडचे दिसते, मुलाला त्या मोटारीचे दारच दिसते. गाडी जिथे पहिल्यांदा नजरेस पडते तो विजेचा खांब किंवा झाड मनात ठेवायचे आणि ती तिथून आपल्यासमोर येईपर्यंत सेकंद मोजायचे. अशा वीस गाड्या मोजायच्या आणि त्यांची सरासरी काढायची नाही. सर्वांत कमी आलेला आकडा घ्यायचा, कारण अपघात सरासरी गाडीने होत नाही.

वाड्यातून येणारी वाट जिथे महामार्गाला मिळते, तिथे बेळगावच्या बाजूला वळण आहे आणि वळणावर एका घराचे चिरेबंदी कुंपण. त्या बाजूने येणाऱ्या वेगवान गाड्या दिसल्यापासून चार सेकंदांत समोर येत होत्या. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चार सेकंद म्हणजे सुमारे पंचावन्न मीटर. मुलीला हवेत नऊ सेकंद, म्हणजे त्याच वेगासाठी सव्वाशे मीटरचा मोकळा पल्ला. याचा अर्थ साधा आहे. त्या जागी मुलीने दोन्हीकडे नीट पाहिले, रस्ता पूर्ण रिकामा दिसला आणि मग पाऊल टाकले, तरीही ती रस्त्याच्या मध्यावर असताना गाडी तिच्यापर्यंत पोहोचू शकते. तिची चूक काहीच नसेल. चालकाची असेलच असेही नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीला, चालकाने एका सेकंदात ब्रेक दाबला तरी, कोरड्या रस्त्यावर थांबायला अठ्ठावीसेक मीटर लागतात, ओल्यावर त्याहून बरेच जास्त. तीसच्या वेगाने तेच अंतर तेरा मीटरच्या आसपास येते. पंचावन्न मीटरच्या पल्ल्यात सावध चालक थांबेल, मोबाइल पाहणारा थांबणार नाही. सहा वर्षांच्या मुलीची सुरक्षितता दुसऱ्याच्या सावधपणावर टांगून ठेवायची का, हा प्रश्न उरतो.

इथे पालकांकडून एक उत्तर हमखास येते. "मुलीला शिकवू, ती पाहूनच ओलांडेल." हे शिकवणे आवश्यकच आहे, पण त्याला वयाची मर्यादा आहे. लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे या विद्यापीठ संस्थेतील मानसशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेतील मुलांची या दृष्टीने तपासणी केली होती. गाडी जवळ येते तशी तिची आकृती डोळ्यांत मोठी होत जाते आणि त्या मोठे होण्यावरून आपण तिचा वेग ओळखतो. लहान मुलांची ही ओळख अजून पक्की झालेली नसते. साधारण ताशी तीसच्या वर वेग गेला की गाडी आपल्याकडे येते आहे हेच मुलांना खात्रीने कळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे वेगवान गाडी मुलाला थांबलेली वाटू शकते. हा निष्काळजीपणा नव्हे, वाढीचा टप्पा आहे. नऊ-दहा वर्षांच्या आधी मुलाने वेगवान वाहतुकीचा रस्ता एकट्याने ओलांडू नये, असे या विषयातले जाणकार सांगतात ते याच कारणाने. पाचवीतल्या दादाने पहिलीतल्या बहिणीला हात धरून पलीकडे न्यावे, ही आपल्याकडची रूढ सोय या हिशेबात मोठ्या माणसाची सोबत ठरत नाही.

वळणावरची जागा बाद झाली. फोंड्याच्या दिशेने नव्वद मीटर पुढे बसथांबा आहे. तिथे दोन्ही बाजूंना दहा-अकरा सेकंदांचा पल्ला मिळत होता. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे तिथेही नाहीत. जिथे पट्टे असतात तिथे चालकाने वेग कमी करून, गरज पडल्यास थांबून पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत सांगितले आहे. ते किती पाळले जाते हे प्रत्येकाने आपल्या तिठ्यावर उभे राहून पाहावे. बसथांब्यावर बस उभी असली की हा सगळा पल्ला तिच्या आड जातो, ही आणखी एक अडचण. पण ती बस निघेपर्यंत थांबून टाळता येते. म्हणून आम्ही तिसऱ्या मोजणीकडे वळलो, वाहनांच्या.

सकाळी ७.०५ ते ७.२५ या वीस मिनिटांत दोन्ही दिशांनी मिळून १६० वाहने गेली, दुचाकींसह. पुढे ७.३५ ते ७.५५ या वीस मिनिटांत ४३०. दुपारी १२.३५ ते १२.५५ दरम्यान २०५. आठची शाळा असल्याने मुलीला रस्ता ओलांडायची वेळ बरोबर मधल्या, सर्वांत वाईट पट्ट्यात येत होती.

वाहने पावणेतीनपट झाली म्हणजे थांबण्याचा वेळ पावणेतीनपट होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. तसे होत नाही. वाहने यदृच्छेने, मागेपुढे येत असतात असे धरून वाहतूक अभियंते नऊ सेकंदांची मोकळी फट मिळायला सरासरी किती थांबावे लागेल याचा हिशेब करतात. पहिल्या वेळेला तो आठ सेकंदांच्या आसपास येतो. दुपारी बारा. आणि पावणेआठच्या गर्दीत अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ एक मिनिट. वाहने पावणेतीनपट आणि थांबणे सातपट. कारण गर्दी वाढते तशा फटी नुसत्या कमी होत नाहीत, त्या लहान होतात आणि नऊ सेकंदांएवढी फट दुर्मिळ होत जाते. प्रत्यक्षात गाड्या एखाद्या ट्रकमागे झुंडीने येतात आणि झुंडीनंतर मोठी फट मिळते, त्यामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण दिशा हीच. सरासरी एक मिनिट याचा अर्थ काही दिवशी दोन-अडीच मिनिटे.

आणि धोका त्या थांबण्यातच असतो. अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबावे लागले की माणसांचा धीर सुटू लागतो, असे पादचाऱ्यांच्या वर्तनाच्या पाहण्यांत दिसते. आम्हीही ते पाहिले. आमच्या शेजारी दोन मुलांना घेऊन उभी असलेली एक बाई चाळीसेक सेकंद थांबली, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि जेमतेम पाच सेकंदांच्या फटीत मुलांना घेऊन धावली. पलीकडून येणाऱ्या टेंपोने हॉर्न वाजवला. रोज ती असेच करत असणार आणि रोज काही होत नसणार, म्हणून तिला ते चालण्यासारखे वाटत असणार. तिला दोष देण्याचे कारण नाही. तिची शाळा आठला भरते.

"मग वीस मिनिटे लवकर निघू," असे भाचीने सुचवले. सूचना चांगली होती. सव्वासातला ओलांडले तर प्रश्न बराचसा सुटतो. पण मग मुलगी साडेसातच्या आत फाटकाशी पोहोचते आणि चौकशी केली तेव्हा कळले की फाटक ७.४० ला उघडते. बंद फाटकासमोर, रस्त्याला लागून, पंधरा मिनिटे उभे राहणे हा नवा धोका झाला. शाळा निवडताना फाटक किती वाजता उघडते आणि पहिले शिक्षक किती वाजता येतात, हे दोन प्रश्न विचारावेत ते एवढ्यासाठीच. शाळेने दहा मिनिटे आधी फाटक उघडायचे ठरवले, तर अनेक घरांचे गणित बदलते. त्याला काही खर्चही येत नाही.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी कागदावर कधीच आली नसती. फोंड्याहून बेळगावकडे जाणारा रस्ता पूर्वेला जातो. डिसेंबर ते फेब्रुवारीत सूर्योदय सातच्या मागेपुढे होतो आणि साडेसात-पावणेआठला सूर्य त्या बाजूच्या चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर येतो. समोरची काच धुळीने माखलेली असेल तर त्याला कडेचे मूल दिसतही नाही. आमच्याकडे बघत येणारे दोन दुचाकीस्वार एका हाताने डोळ्यांवर सावली धरून चालले होते.

आता बालरथाच्या शाळेकडे. बस म्हटली की रस्ता ओलांडण्याचा प्रश्नच मिटला, असे पालकांना वाटते. इथे तो मिटत नव्हता. भाचीचे घर महामार्गाच्या दक्षिणेला. सकाळी फोंड्याकडे, म्हणजे पश्चिमेकडे जाणारी बस डाव्या बाजूने, म्हणजे घराच्याच बाजूने येते. मुलगी वाटेच्या तोंडाशी बसमध्ये चढते, रस्ता ओलांडायचा नाही. दुपारी तीच बस फोंड्याहून परतताना रस्त्याच्या उत्तर बाजूला थांबते. मुलगी पलीकडे उतरते आणि उभ्या बसच्या पुढून किंवा मागून घराकडे धावते. बसच्या आडून बाहेर पडणारे मूल दुसऱ्या पदरातल्या चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. बस आहे म्हणून ओलांडणे टळत नाही, ते फक्त सकाळवरून दुपारवर जाते आणि दुपारी घरात असते ती आजी. बस घेणाऱ्या प्रत्येक पालकाने परतीचा थांबा कोणत्या बाजूला आहे हे विचारावे. बस पुढच्या तिठ्यावरून वळून घराच्या बाजूने येऊ शकते का, आणि नसेल तर बसमधील मदतनीस मुलाला स्वतः पलीकडे सोडतो का, हेही विचारावे. भाचीला दोन्हींचे उत्तर "नाही" असे मिळाले.

एकंदर परतीचा प्रवास हा दुर्लक्षित भाग आहे. सकाळी घरातले एक तरुण माणूस मुलाला पोहोचवते. दुपारी आजी-आजोबा, शेजारीण किंवा कुणीच नाही, अशी स्थिती असते. मुले कंटाळलेली, भुकेलेली आणि घोळक्यात असतात. घोळक्यात एक धावला की बाकीचे मागे न पाहता धावतात. सुटीच्या वेळी फाटकाशी पालकांच्या दुचाकी आणि मोटारी दाटीने लागतात, त्यातल्या काही मागे येत वळतात. म्हणून शाळेच्या फाटकाशी सुटण्याच्या वेळी दहा मिनिटे उभे राहणे हे सकाळच्या मोजणीइतकेच गरजेचे आहे. शेवटच्या पन्नास मीटरांत काय घडते ते मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून कळत नाही.

उरली अकराशे मीटरवरची सरकारी शाळा. मुलीच्या चालीने वीस मिनिटे. वाटेत दोन गल्ल्या आणि एक तिठा ओलांडायचा. तिठ्यावर वीस मिनिटांत ३५ वाहने गेली, बहुतेक दुचाकी, तीसच्या आतल्या वेगाने. रस्ता चारच मीटर रुंद, म्हणजे मुलीला सहा सेकंद पुरेसे. पल्ला आठ सेकंदांचा. इथला धोका ओलांडण्याचा नव्हता, चालण्याचा होता. मोरीजवळ सुमारे ऐंशी मीटरचा पट्टा असा आहे की दोन्हीकडे चिऱ्यांची कुंपणे, कडेला उघडे गटार, आणि पायवाट म्हणून काही नाही. मूल डांबरावरूनच चालणार. तिथे उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे, आणि मुलाला मोठ्या माणसाच्या आतल्या बाजूला ठेवून चालायचे, एवढे आम्ही ठरवले. अंतर जवळजवळ दुप्पट, पण या वाटेवर असा एकही क्षण नाही की जिथे सगळे नीट करूनही मुलगी सापडू शकते. पहिल्या शाळेच्या वाटेवर तसा क्षण दिवसातून दोनदा होता.

भाचीने ही शाळा निवडली. माध्यम मराठी हे तिला पटणारे होतेच. पण ते वेगळे असते तर निर्णय कठीण झाला असता, हे मान्य केले पाहिजे. वाट हा एकमेव निकष असू शकत नाही. शिकवणे चांगले नसेल तर सुरक्षित वाटेने वाईट शाळेत जाण्यात अर्थ नाही. म्हणणे इतकेच की हा निकष प्रवेशाच्या आधी मांडावा, कारण उरलेल्या निकषांवर वर्षभरात काही करता येते, वळणावरचे कुंपण मात्र हटत नाही.

या घरगुती हिशेबाचा आपल्या राज्यातल्या एका सार्वजनिक प्रश्नाशी थेट संबंध आहे. पटसंख्या घटलेल्या सरकारी प्राथमिक शाळा जवळच्या शाळांत विलीन करण्याचा विषय गोव्यात वारंवार पुढे येतो आणि विरोधानंतर मागे पडतो. या चर्चेत बाजू कुणाचीही असो, "जवळची शाळा" म्हणजे काय हे किलोमीटरमध्येच बोलले जाते. त्याला कायद्याचा आधारही आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर चालत जाण्याजोग्या अंतरात शाळा असावी, असे सांगितले आहे. भाचीच्या मुलीची सरकारी शाळा उद्या बंद होऊन महामार्गापलीकडच्या शाळेत मिळवली गेली, तर कागदावर तिची शाळा अकराशेवरून सहाशे मीटरवर येईल. म्हणजे नियमाच्या भाषेत तिची सोय सुधारेल.

मात्र त्याच आदर्श नियमांत पुढे आणखी एक तरतूद आहे, जिचा उल्लेख या वादात क्वचितच ऐकू येतो. दुर्गम भूभाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव, आणि सर्वसाधारणपणे घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर लहान मुलांना धोका असेल, तर तो टळेल अशा रीतीने शाळेची जागा ठरवावी आणि त्यासाठी अंतराची मर्यादा कमी करावी, असा तिचा आशय आहे. वाटेवरचा धोका हा शब्दच तिथे आहे. महामार्ग हा धोका आहे की नाही हे नियम सांगत नाही. ते पुराव्याने दाखवावे लागेल आणि तो पुरावा वीस मिनिटांची मोजणी करून कोणतीही शाळा व्यवस्थापन समिती तयार करू शकते. या समितीत कायद्यानुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही तिचेच. त्या आराखड्यात वर्गखोल्या आणि संगणक येतात. कोणत्या वाड्यावरची मुले कोणत्या ठिकाणी, किती वाजता, किती वाहनांमधून रस्ता ओलांडतात याचे एक पान त्यात यायला हरकत नाही. अशा पानामुळे विलीनीकरण थांबेलच असे नाही. पण "शाळा जवळच आहे" या उत्तराला आकड्यांनी प्रत्युत्तर देता येईल.

रस्ते रुंद होतात तेव्हा हेच अधिक तीव्रतेने घडते. दोन पदरी रस्ता चार पदरी झाला, मध्ये दुभाजक नसला, तर चौदा मीटर ओलांडायला त्या मुलीला सात ऐवजी चौदा सेकंद लागतील, तयारीचे दोन धरून सोळा. वाहने तेवढीच राहिली तरी सोळा सेकंदांची फट गर्दीच्या वेळी मिळणे जवळजवळ अशक्य. शिवाय नवी भीती अशी की पहिल्या पदरातली मोटार सौजन्याने थांबते आणि तिच्या आडून दुसऱ्या पदरातली सुसाट येते. मध्ये मुलासह उभे राहता येईल एवढा रुंद दुभाजक असेल तर ओलांडणे दोन टप्प्यांत होते आणि प्रत्येक टप्पा पुन्हा नऊ सेकंदांवर येतो. एवढ्याशा दुभाजकाने पडणारा फरक मोठा आहे आणि आराखडा कागदावर असतानाच तो मागावा लागतो. काम चालू असलेल्या ठिकाणी तर वाट रोजची राहत नाही. पर्वरीत उन्नत मार्गाचे काम सुरू झाल्यापासून वाहतुकीची वळणे बदलत गेली. तिथल्या पालकाने फेब्रुवारीत केलेली मोजणी जूनमध्ये कामाची असेलच असे नाही.

जूनचे म्हणाल तर आमचीही मोजणी अपुरीच ठरली. शाळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी मोठा पाऊस झाला आणि मोरीजवळचा तो ऐंशी मीटरचा पट्टा पाण्याखाली गेला. गटार कुठे संपते आणि डांबर कुठे सुरू होते ते दिसेना. छत्रीआडून मुलीला समोरचे दिसत नव्हते. तिला टोपीचा रेनकोट दिला, तर टोपीने बाजूचे दिसेनासे झाले. शेवटी पारदर्शक प्लास्टिकची छत्री मिळाली. भाचीच्या सासूबाईंनी त्या पट्ट्याला लागून असलेल्या कुळागराच्या मालकाशी बोलून पावसाळ्यापुरती आतून जाण्याची परवानगी घेतली आहे. पोफळींमधून जाणारी ही वाट शंभर मीटरने लांब पडते आणि सकाळी निघायला पाच मिनिटे अधिक लागतात. गटारावर लाद्या घालण्याचा अर्ज पंचायतीकडे दिला आहे. त्यासोबत तिठ्यावरच्या मोजणीचा कागदही जोडला आहे.